‘चोर’ हा शब्द तुमच्या राजीनाम्यात नको

*ताई, मी पेडण्याचा. कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, 1 नोव्हेंबर 2020 पासून. काल रात्री राजीनामा लिहिला. बायको म्हणाली, हा असा देऊ नका, आधी कुणाकडून तरी नीट करून घ्या. कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत. मजकूर असा:*

*‘महोदय, पाच वर्षं गाढवासारखा राबलो. तुमच्या लाडक्या मॅनेजरने कुत्र्यासारखं वागवलं. चवथीला दीड दिवसाचा गणपती घरी असताना मला रजा नाही आणि त्याच्या भाच्याला चार दिवस. ऑगस्टपासूनचा ओव्हरटाइम खाल्ला. सर्व्हिस चार्जमध्ये काय चालतं ते सगळ्या हॉटेलाला ठाऊक आहे. 9 जानेवारीला कॅश 1,200 रुपयांनी कमी आली तर पाहुण्यांसमोर मला चोर म्हणाला. दुसऱ्या दिवशी हिशेब जुळला, पण माफी नाही. असल्या भिकार जागेत मी एक दिवस राहणार नाही. उद्यापासून येणार नाही. हिंमत असेल तर पगार अडवून दाखवा.’*

*यातलं एकही वाक्य खोटं नाही. मग सभ्य लिहायचं म्हणजे गप्प बसायचं का? नोटीस 30 दिवसांची आहे. मोपाच्या बाजूला दुसरी नोकरी जवळजवळ ठरली आहे, ते अनुभवाचा दाखला मागतात. कसं लिहू?*

*— एक वाचक, पेडणे तालुका*

गप्प बसू नका. पण जे बोलायचं आहे ते दोन वेगळ्या कागदांवर बोला, आणि राजीनामा त्यातला लहान कागद असू द्या. तुमच्या मजकुरात तीन प्रकारची वाक्यं एकमेकांत गुंतली आहेत. काही राजीनाम्याची आहेत, काही मागणीच्या अर्जाची आहेत आणि काही फक्त घरात बोलायची आहेत. ती सोडवून वेगळी केली की पत्र आपोआप शांत होतं. त्यासाठी गोड शब्द शोधत बसावं लागत नाही.

आधी हा कागद कोण वाचतं ते सांगते, कारण तुम्ही तो मॅनेजरला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मी चोवीस वर्षं एका कारखान्याच्या एचआरमध्ये होते आणि माणसांच्या पर्सनल फाइली माझ्याच कपाटात असत. फाइल टॅगने ओवलेली असते आणि नवा कागद नेहमी वर येतो. नेमणुकीचं पत्र तळाला जातं, मधे रजेचे अर्ज, पगारवाढीची पत्रं, एखादा मेमो, आणि माणूस गेला की सगळ्यात वर त्याचा राजीनामा. तीन-चार वर्षांनी दुसऱ्या कंपनीकडून चौकशी येते. हा तुमच्याकडे कधीपासून कधीपर्यंत होता, कुठल्या हुद्द्यावर, वागणूक कशी, पुन्हा घ्याल का? उत्तर देणाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं. तुमचा मॅनेजर तोवर दुसऱ्या हॉटेलात गेलेला असतो. तो मुलगा किंवा ती मुलगी फाइल उघडते आणि वरचा कागद वाचते. तुमच्या बाबतीत त्या कागदावर तुमच्याच अक्षरात काय दिसेल? कॅश 1,200 रुपयांनी कमी, आणि ‘चोर’.

‘दुसऱ्या दिवशी हिशेब जुळला’ हे पुढचं वाक्य तिने वाचलं तरी आधीचा शब्द डोळ्यांत राहतो. मॅनेजर तो शब्द तोंडाने बोलला. त्याची लेखी नोंद आजघडीला कुठेही नसेल, आणि ती करणारे पहिले तुम्ही ठराल. पैशांचा व्यवहार हाताळणाऱ्या माणसाने हा शब्द आपल्या शेवटच्या कागदावर, आपल्या सहीखाली ठेवू नये. अपमान झाला नाही असं मी म्हणत नाही. पाहुण्यांसमोर असं बोलणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि त्याचं काय करायचं ते पुढे सांगतेच. पण त्याची जागा दुसरी आहे.

आता तुमची वाक्यं एकेक करून घेऊ. गाढव, कुत्रा, लाडका, भिकार हे शब्द घरात बोला, पोटभर बोला. राजीनाम्यात ते का नकोत, याचं माझं कारण सभ्यतेचं नाही. ‘कुत्र्यासारखं वागवलं’ या वाक्यात तारीख नाही, जागा नाही, आकडा नाही. त्यावर समोरचा एवढंच म्हणतो, ‘असं काही झालं नाही’, आणि वाद तिथेच संपतो. सर्व्हिस चार्जचं वाक्यही इथे सोडून द्या. ‘सगळ्या हॉटेलाला ठाऊक आहे’ हा पुरावा होत नाही, आणि कुणावर पैसे खाल्ल्याचा लेखी आरोप केला की तो सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते. उद्या तुमच्या हातात वाटपाचा तक्ता किंवा पगाराची स्लिप आली, तर तेव्हा त्याचा वेगळा विचार करता येईल.

चवथीच्या रजेचं मला मनापासून वाईट वाटलं. दीड दिवसाचा गणपती, आणि घरचा माणूस डेस्कवर. पण ही रजा आता परत मिळणार नाही आणि नोकरी सोडल्यावर या तक्रारीतून काही निघणारही नाही. भाच्याचं नाव आलं की कागद घरगुती भांडणासारखा वाटू लागतो. एचआरने जाताना तोंडी मुलाखत घेतली, तर तिथे सांगा, शांतपणे आणि तारखेसकट. लेखी नको.

उरलं काय? ओव्हरटाइम, 9 जानेवारीची कॅश, आणि ‘उद्यापासून येणार नाही’. पहिल्या दोन गोष्टी अर्जात जातील. तिसरं वाक्य मात्र बदलायलाच हवं, कारण ते तुम्हाला सगळ्यात महाग पडेल.

तुमची नोटीस 30 दिवसांची आहे. उद्यापासून गेला नाहीत तर हॉटेल नोटिशीच्या दिवसांचा पगार कापायचा हक्क सांगेल, आणि नेमणुकीच्या पत्रात तशी अट बहुधा असतेच. ते एक वेळ सोसता येईल. पण रजिस्टरवर तुमच्या नावापुढे ‘ॲबस्कॉन्ड’ पडलं की राजीनाम्याचं प्रकरण गैरहजेरीचं होतं, आणि अनुभवाचा दाखला तिथेच अडकतो. मोपाची नोकरी त्याच दाखल्यावर थांबली आहे. शिवाय पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे तुमची ग्रॅच्युइटी लागू झाली आहे. ती सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला 15 दिवसांच्या पगाराइतकी असते आणि महिना 26 दिवसांचा धरतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये असतील असं समजू. 15,600 भागिले 26 म्हणजे 600, गुणिले 15 म्हणजे 9,000, आणि पाच वर्षांचे 45,000. वरचे चार महिने मोजत नाहीत, कारण सहा महिन्यांच्या वर गेलं तरच ते पुढचं वर्ष धरतात. एवढी रक्कम वाटेवर असताना हॉटेलच्या हातात चौकशी लावायचं निमित्त देऊ नका.

तेव्हा एक महिना काढा. कठीण आहे, मला कळतं. त्याच माणसाच्या हाताखाली तीस दिवस. पण दिवस मोजलेले असले की माणूस तेही काढतो.

पत्र मी असं लिहीन. सोमवार 2 फेब्रुवारी 2026 ही तारीख धरली आहे, तुम्ही देणार असाल ती घाला.

> दिनांक : 2 फेब्रुवारी 2026
>
> प्रति,
> एचआर मॅनेजर
> (हॉटेलचं नाव आणि पत्ता)
>
> विषय : फ्रंट ऑफिस असिस्टंट या पदाचा राजीनामा. कर्मचारी क्रमांक (…)
>
> महोदय / महोदया,
>
> मी 1 नोव्हेंबर 2020 पासून आपल्या हॉटेलात फ्रंट ऑफिस असिस्टंट या पदावर काम करत आहे. मी या पदाचा राजीनामा देत आहे.
>
> नेमणुकीच्या पत्रातील 30 दिवसांच्या नोटिशीनुसार 4 मार्च 2026 हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस राहील. त्या दिवसापर्यंत मी ड्युटी रोस्टरप्रमाणे काम करीन आणि माझ्याकडील कॅश फ्लोट, चाव्या, ओळखपत्र व गणवेश आपण नेमाल त्या व्यक्तीकडे देऊन त्याची पोच घेईन.
>
> माझा अंतिम हिशेब, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि अनुभवाचा दाखला नियमाप्रमाणे मिळावा, ही विनंती.
>
> आपला / आपली,
> (सही, पूर्ण नाव, स्वतःचा मोबाइल आणि ईमेल)

एवढंच. पहिल्यांदा वाचाल तेव्हा ते फार रिकामं वाटेल. पाच वर्षं गेली आणि त्यातलं काहीच इथे नाही, असं वाटेल. ते वाटू द्या आणि पुन्हा एकदा वाचा. या वेळी प्रत्येक वाक्याला विचारा, ‘यावर मॅनेजर “हे खोटं आहे” म्हणू शकतो का?’ लागल्याची तारीख त्यांच्याच दप्तरात आहे. नोटीस त्यांच्याच पत्रातली आहे. शेवटचा दिवस मोजून काढलेला आहे: 3 फेब्रुवारी पहिला धरला की तिसावा दिवस 4 मार्चला येतो. तटस्थ पत्राची माझ्याकडे हीच कसोटी आहे. ज्या वाक्यावर वाद घालता येतो ते वाक्य अजून शांत झालेलं नाही, मग त्यात शिवी असो वा नसो.

‘राजीनामा देत आहे’ हे क्रियापद तसंच ठेवा. पुष्कळ लोक नम्रपणाच्या भरात ‘राजीनामा देऊ इच्छितो’, ‘देण्याच्या विचारात आहे’ किंवा ‘स्वीकारावा ही विनंती’ असं लिहितात. मग वरचे म्हणतात, आम्ही अजून स्वीकारलेला नाही, तुमची नोटीस सुरूच झालेली नाही. सीझनमध्ये माणूस सोडायचा नसेल तर हे हमखास ऐकू येतं. निर्णय सांगायचा असतो आणि विनंती फक्त हिशेबाची करायची असते.

कॅश फ्लोटचा उल्लेख मी मुद्दाम घातला आहे. ज्याच्यावर एकदा कॅशवरून बोट उठलं, त्याने जाताना पैसे मोजून, लिहून, समोरच्याची सही घेऊनच द्यावेत. शेवटच्या पाळीला घाई असते, बदलीचा माणूस उशिरा येतो, मॅनेजर म्हणतो ‘राहू दे, मी बघतो’. तसं राहू देऊ नका. नोटांचे प्रकार लिहून बेरीज करा, दोघांच्या सह्या घ्या आणि फोटो काढून ठेवा.

आता उलटी चूक. राग काढून टाकायचा म्हटलं की हात आपोआप गोडाकडे वळतो. नेटवर मिळणाऱ्या नमुन्यांत तर गोडाची भांडीच भरलेली असतात. ‘आपण दिलेल्या अमूल्य संधीबद्दल मी सदैव ऋणी राहीन, इथला प्रत्येक दिवस आनंदाचा होता.’ तुम्ही हे लिहिलंत आणि पुढच्या आठवड्यात थकलेल्या ओव्हरटाइमचा अर्ज दिलात, तर ते तुमचंच पत्र तुमच्यापुढे धरतील. आनंदात होता ना, मग आता तक्रार कसली? आभार मानायचेच असतील तर खऱ्या गोष्टीचे माना. कुणी तुम्हाला काम शिकवलं असेल, तर ‘फ्रंट ऑफिसचं काम मी इथे शिकलो’ हे वाक्य खरं आहे आणि कुणाला काही देऊन टाकत नाही. नसेल लिहावंसं वाटत तर नका लिहू. आभाराशिवाय राजीनामा अपुरा राहत नाही.

‘वैयक्तिक कारणास्तव’ या शब्दांबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. तुमच्या बाबतीत ते घालू नका. कारण सांगण्याची सक्ती नाही, म्हणून ते सोडून द्यायचं. न सांगणं खोटं नसतं, पण ‘वैयक्तिक’ म्हणणं तुमच्यापुरतं खोटं आहे आणि ते तुमच्या सहीने होईल. तसंच ‘माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही’ आणि ‘मला सर्व देणी मिळाली आहेत’ ही वाक्यंही नकोत. कधी कधी एचआरमधून छापील मसुदा पुढे येतो, ‘हाच लिहून द्या, लवकर होईल’, आणि त्यात ही दोन वाक्यं असतात. दिसायला ती अतिशय शांत आणि व्यावसायिक दिसतात. पैसे हातात येण्याआधी ती लिहायची नाहीत.

हॉटेलात पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीतून चालतो, म्हणून तुम्ही हे इंग्रजीत न्याल. तेव्हा दोन ठिकाणी सांभाळा. नमुन्यांत ‘विथ इमिजिएट इफेक्ट’ हे शब्द सहज येतात, आणि खाली शेवटचा दिवस महिन्याने पुढचा असतो. हे दोन एका पत्रात असले की ज्याला जे सोयीचं ते तो धरतो, आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशीच मोकळं करून महिन्याचा पगार वाचवता येतो. ते शब्द काढा, फक्त तारीख ठेवा. दुसरं, ‘आय ॲम फोर्स्ड टू रिझाइन’. रागात हे फार समाधान देतं. पण याचा अर्थ कायद्याच्या भाषेत फार जड आहे, की मी सोडलं नाही, मला सोडायला लावलं. ते भांडण वकिलाला विचारून, पूर्ण तयारीने लढायचं असेल तरच लिहावं. तुम्हाला तर मोपाला जायचं आहे.

काही शब्द असेही असतात की शिवी नसते, पण राग त्यांत दबा धरून बसलेला असतो. ‘अखेर’, ‘नाइलाजाने’, ‘तरीही’, ‘निदान’, ‘स्वाभिमान’. ‘निदान अनुभवाचा दाखला तरी नियमाप्रमाणे मिळावा’ हे वाचून बघा. एका ‘निदान’ने सगळं पत्र पुन्हा तापतं. पत्र लिहून झालं की बायकोला मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही वाचू नका. तुमच्या आवाजात राग आधीच आहे, त्यामुळे तुम्हाला तो शब्दांत ऐकू येणार नाही. तिचा आवाज जिथे चढेल तो शब्द काढा.

आता दुसरा कागद. हा राजीनाम्याबरोबर जोडायचा नाही. पानं वेगळी, विषय वेगळा, तारीखही चार-पाच दिवसांनंतरची. एकत्र दिलेत तर ते म्हणतील पैशांसाठी राजीनाम्याचा दबाव टाकला. शेवटच्या दिवसाची वाट मात्र पाहू नका, कारण नोकरीत असेपर्यंत रोस्टर आणि हजेरी तुमच्या नजरेसमोर आहे. तुमच्या कागदाच्या मागच्या बाजूच्या फोटोत पेन्सिलने लिहिलेल्या तारखा आणि तास दिसतात. ऑगस्ट ते डिसेंबर मिळून बेरीज 42 येते. ‘ओव्हरटाइम खाल्ला’ यापेक्षा हा आकडा किती जड आहे बघा.

> विषय : ऑगस्ट ते डिसेंबर 2025 या काळातील ओव्हरटाइम आणि 9 जानेवारी 2026 च्या कॅश फरकाची नोंद
>
> महोदय / महोदया,
>
> ऑगस्ट ते डिसेंबर 2025 या काळात मी ड्युटी रोस्टरपेक्षा एकूण 42 तास जास्त काम केले आहे. तारीखवार तक्ता सोबत जोडला आहे. या तासांचा मोबदला माझ्या पगाराच्या स्लिपमध्ये दिसत नाही. हजेरीशी ताडून पाहून तो अंतिम हिशेबात धरावा.
>
> 9 जानेवारी 2026 रोजी माझ्या पाळीच्या क्लोजिंगमध्ये 1,200 रुपयांचा फरक दिसला होता. 10 जानेवारी रोजी तो जुळला. याची नोंद माझ्या फाइलमध्ये करावी आणि मला तसे लेखी कळवावे.

फरक कशामुळे आला होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. माहीत असेल तर एका वाक्यात अर्जात घाला. डेस्कवर असे फरक बहुतेक वेळा साध्या कारणाने येतात. पाहुण्याच्या टॅक्सीचे पैसे कॅशमधून दिले जातात आणि पेड आउट व्हाउचर दुसऱ्याच खोलीच्या फोलिओला लागतं, तसलं काही. ‘व्हाउचर क्रमांक अमुक, खोली क्रमांक अमुकच्या फोलिओत सापडले’ एवढं लिहिलंत की पुन्हा कुणाला काही विचारायला जागा उरत नाही. पाहुण्याचं नाव घालू नका आणि फोलिओचा फोटोही काढू नका. तो पाहुण्याचा कागद आहे, आणि तो बाहेर नेला तर खरोखरच चूक तुमची होईल. स्वतःचं रोस्टर, स्वतःच्या स्लिपा, तुम्हाला आलेले मेल, एवढंच जपून ठेवा.

हा अर्ज म्हणजेच त्या अपमानाचं उत्तर आहे. माफी मागून मिळणार नाही, ती या माणसाकडून बहुधा मिळणारही नाही. पण ‘फरक दुसऱ्या दिवशी जुळला’ असं हॉटेलच्या कागदावर आलं, तर फाइल उघडणाऱ्या त्या मुलीला आधी तेच दिसेल. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी तुमचा अर्ज, त्यावरचा त्यांचा शिक्का आणि तारीख तुमच्याकडे राहते.

तो शिक्का विसरू नका. दोन्ही पत्रांच्या दोन-दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर ‘मिळाले’, सही, तारीख घ्या. मॅनेजरच्या हातात देऊ नका, एचआरमध्ये द्या. त्याच दिवशी स्वतःच्या ईमेलवरूनही पाठवा. हॉटेलच्या मेलवरून पाठवलं तर शेवटच्या दिवशी ते खातं बंद होतं आणि तुमची प्रतही जाते. घ्यायलाच नकार दिला तर म्हापशाच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. पत्र वाचून कुणी भडकून ‘मग आजच चालता हो’ म्हणालं, तर जागचे हलू नका. ‘तसं मेलवर कळवा’ एवढंच म्हणा. नाहीतर तोंडी हाकललेला माणूस कागदावर पळून गेलेला ठरतो.

शेवटच्या दिवशी अंतिम हिशेबाचा कागद सहीला येईल. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे आणि तिच्यात राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावं असं आहे. ग्रॅच्युइटीला 30 दिवस असतात. तेव्हा दोन कप्प्यांत पैसे आले तर घाबरू नका. पण त्या कागदात ओव्हरटाइमचा रकाना रिकामा असेल, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, ‘ओव्हरटाइमच्या 42 तासांचा हिशेब बाकी, तो वगळून मिळाले’. तसं लिहू देत नसतील तर सही करू नका, प्रत मागून घ्या. पैसे खरंच अडवले, तर पणजीत पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे तुमची ही दोन शिक्का मारलेली पत्रं टेबलावर ठेवली की बोलायला फार लागत नाही. आणि पीएफच्या खात्यात त्यांनी सोडल्याची तारीख 4 मार्चच घातली आहे ना, ते महिन्याभराने ऑनलाइन पाहा. चुकली तर मोपाच्या नोकरीत खातं वळवताना अडतं.

रात्री लिहिलेला तो मूळ कागद फाडू नका. पुढची बाजू कुणाला दाखवायची नाही, पण मागच्या बाजूला पेन्सिलीचे जे आकडे आहेत ते पुसट होत चालले आहेत, फोटोत नोव्हेंबरच्या दोन तारखा मला नीट वाचता आल्या नाहीत. आज संध्याकाळीच ते शाईने एका वहीत उतरवून घ्या आणि रोस्टरशी लावून पाहा. 42 चे 41 झाले तर अर्जात 41 लिहा.